पाळ्यांमध्ये पाऊण तास की सव्वा तास?

आमच्या इंदूरच्या डायलिसिस केंद्रात एका मशीनवर तीन पाळ्या चालतात, प्रत्येकी 4 तासांची. दोन पेशंटमध्ये पाऊण तास ठेवला तर 6, 10:45 आणि 3:30 अशा वेळा बसतात. शेवटचा पेशंट साडेसातला मोकळा. सव्वा तास ठेवला तर 6, 11:15 आणि 4:30, म्हणजे रात्रीचे साडेआठ. देवासहून बसने येणाऱ्या काकूंना तो एक तास फार जड जातो, हे मला कळतं.

पण हिशेब बघा. रक्त परत देऊन सुया काढायला, जागा दाबून धरायला 20 मिनिटं. सायट्रिक ॲसिड घालून मशीनचं गरम निर्जंतुकीकरण 35 मिनिटं. नवी ट्यूब लावून सलाईनने हवा काढायला 20. झाली 75! पाऊण तासात काहीतरी कापलं जाणारच, आणि बहुधा कापली जाते ती सफाई. मग आत बायकार्बोनेटचा पांढरा थर साचतो, द्रावणातल्या क्षारांवर लक्ष ठेवणारा कंडक्टिव्हिटीचा अलार्म वाजत राहतो. नाहीतर पेशंटचे 4 तास साडेतीनवर येतात.

म्हणून माझं मत सव्वा तासाला. काकूंना मात्र सकाळची पाळी द्या.