सिगारेटचा पैसा नको, पण त्यासाठी किती मोजायचं? ईएसजी फंड, एथिकल फंड आणि साधा निफ्टी

निपाणीची तंबाखूपेठ कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावर आहे, त्यामुळे तंबाखूवर किती घरं चालतात आणि किती घरं बसतात हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तरीही एसआयपी सुरू करताना अनेकांची अट साधी असते: माझ्या पैशात तंबाखू नको, दारू नको. ही अट पाळायला बाजारात चार वाटा आहेत. त्यांतली एक मी निवडली आहे आणि ती पुढे लपून राहणार नाही. म्युच्युअल फंड म्हणजे काय, एसआयपी कशी चालते हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

आधी एक हिशोब करू, कारण त्याशिवाय बाकीची तुलना पोकळ आहे. साधा निफ्टी ५० इंडेक्स फंड घेतला तर त्यात तंबाखू किती असते? निफ्टी ५० मध्ये दारू गाळणारी कंपनी नाही. सिगारेट बनवणारी एकच आहे, आयटीसी, आणि तिचं वजन गेली काही वर्षं साधारण तीन-चार टक्क्यांच्या आसपास फिरतं आहे. तीन टक्के धरले तर तुमच्या एक लाखातले सुमारे ३,००० रुपये तिथे जातात. आता तेवढ्यासाठी सक्रिय ईएसजी फंडाकडे, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार पाहून व्यवस्थापक शेअर निवडतो अशा फंडाकडे, वळलात तर डायरेक्ट योजनेतही खर्च साधारण सव्वा टक्क्याच्या आसपास असतो, आणि निफ्टी इंडेक्स फंडाचा ०.२ टक्के किंवा त्याहून कमी. फरक १.१ टक्के धरला तर लाखामागे दरवर्षी १,१०० रुपये. ३,००० रुपये सिगारेटपासून दूर ठेवण्यासाठी दरसाल १,१०० रुपये! सक्रिय फंडाचा व्यवस्थापक शेअर निवडून ही रक्कम भरून काढू शकतो, नाही असं नाही. पण खर्च नक्की कापला जातो आणि जादा परतावा मिळेलच असं नाही.

हेच लांब पल्ल्यावर पाहू. शिरोलीच्या फाउंड्रीत नोकरी करणारा कुणी महिना १०,००० रुपये १५ वर्षं भरतो. एकूण १८ लाख जातात. खर्च वजा होण्याआधी बाजाराने वर्षाला १२ टक्के दिले असं गृहीत धरू (हे भाकीत नाही, फक्त मोजपट्टी). ०.२ टक्के खर्चाच्या निफ्टी फंडात सुमारे ४९ लाख होतात. ०.५ टक्के खर्चात ४७.६ लाख. १.३ टक्के खर्चात ४४.२ लाख. आणि तोच ईएसजी फंड एजंटामार्फत रेग्युलर योजनेत घेतला, खर्च २.१ टक्के पडला, तर ४१ लाख. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात आठ लाखांचा फरक आहे, आणि त्यातला तीन लाखांहून थोडा जास्त भाग फक्त रेग्युलर-डायरेक्टचा आहे. त्याचा तुमच्या मूल्यांशी काही संबंध नाही.

आता सक्रिय ईएसजी फंड. यातली एक गोष्ट मला इतकी खटकली की निर्णय तिथेच झाला. ‘ईएसजी’ या शब्दाचा अर्थ ‘तंबाखू नाही’ असा होत नाही. जुलै २०२३ मध्ये सेबीने ईएसजी योजनांसाठी सहा धोरणं ठरवून दिली आणि योजनेच्या नावातच धोरण लिहायला लावलं, हे फार बरं केलं. म्हणून आता नावात ‘एक्सक्लूजनरी स्ट्रॅटेजी’, ‘इंटिग्रेशन स्ट्रॅटेजी’, ‘बेस्ट इन क्लास’ असे शब्द दिसतात. लोक ते जाहिरातीतली विशेषणं समजून सोडून देतात, पण सगळं तिथेच आहे. एक्सक्लूजनरी म्हणजे ठरावीक धंदे यादीतूनच वगळलेले. इंटिग्रेशन म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यांचे गुण आर्थिक गुणांच्या जोडीला तपासले जातात. त्यात कुठलाही धंदा आपोआप बाद होत नाही. बेस्ट इन क्लास म्हणजे आपापल्या क्षेत्रात जी चांगली ती घ्या, मग क्षेत्र कोणतंही असो.

याचा अर्थ किती विचित्र होऊ शकतो हे आयटीसीवरूनच समजतं. एमएससीआयसारख्या संस्थेने तिला ईएसजीमध्ये ‘एए’ रेटिंग दिलेलं आहे. जेवढं पाणी वापरते त्याहून जास्त पाणी साठवते, जेवढा कार्बन सोडते त्याहून जास्त शोषते, असं कंपनी सांगते. मोजमापाच्या दृष्टीने यात चूक काही नाही. रेटिंग देणारा कंपनीचा कारभार आणि जोखीम मोजतो, सिगारेट ओढणाऱ्याची फुफ्फुसं नाही. पण ‘माझा पैसा तंबाखूत नको’ म्हणून ज्याने ईएसजी फंड घेतला, त्याने नावातला दुसरा शब्द वाचला नाही तर फसगत होऊ शकते.

एक्सक्लूजनरी फंड घेतला तरी वगळण्याची व्याख्या फंड घराण्याची असते, तुमची नव्हे. ती योजनेच्या माहितीपत्रकात, म्हणजे एसआयडीमध्ये, असते. बऱ्याचदा तिथे उत्पन्नाची टक्केवारी असते: तंबाखूतून अमुक टक्क्यांपेक्षा जास्त उत्पन्न असेल तर बाद. पानं भरपूर असतात, म्हणून फाइल उघडून ‘टोबॅको’, ‘अल्कोहोल’, ‘एक्सक्लूजन’ हे इंग्रजी शब्द शोधा. शिवाय सेबीच्या नियमानुसार अशा योजनेच्या किमान ८० टक्के मालमत्तेला ते धोरण लागू असावं लागतं. उरलेल्या भागाने धोरणाच्या अगदी उलट जाऊ नये एवढंच बंधन आहे. दर महिन्याचा पोर्टफोलिओ फंडाच्या संकेतस्थळावर एक्सेल फाइलमध्ये येतो आणि ईएसजी योजनेत प्रत्येक कंपनीपुढे तिचा ईएसजी गुणांक असतो. महिन्याला एकदा ती फाइल उघडायला कंटाळा येत नसेल तर सक्रिय एक्सक्लूजनरी फंड चालेल. मला येतो. १.३ टक्के मोजूनही पहारा मलाच द्यायचा असेल तर पैसे कशाचे देतोय, हा प्रश्न सुटत नाही.

टाटा एथिकल फंड ही वेगळी जात आहे. तो १९९६ पासून आहे, म्हणजे ईएसजी हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या बराच आधीपासून, आणि शरियतच्या कसोटीवर चालतो. दारू, तंबाखू, जुगार यांना तिथे जागा नाही, व्याख्या काटेकोर आहे आणि ती वर्षावर्षाला डळमळत नाही. ही शिस्त मला ईएसजीपेक्षा प्रामाणिक वाटते. पण व्याजाचा धंदा निषिद्ध असल्याने बँका आणि वित्त कंपन्या पूर्ण बाहेर, आणि फार कर्ज असलेल्या कंपन्याही बाहेर. भारतीय निर्देशांकातला सर्वांत मोठा भाग वित्त क्षेत्राचा आहे. तो काढल्यावर आयटी, औषधं, वाहनं, ग्राहकोपयोगी वस्तू यांचा भार वाढतो. बँका जोरात असतात तेव्हा हा फंड मागे पडतो, बँका आपटतात तेव्हा तगतो. ज्याला व्याजच मान्य नाही त्याच्यासाठी दुसरा विचार करायचं कारण नाही. पण ज्याचं पगारखातं, गृहकर्ज आणि पतसंस्थेतली ठेव सगळं व्याजावर चाललं आहे, त्याने इतर कारणांसाठी एवढं मोठं क्षेत्र का सोडावं, हे मला तरी पटत नाही. खर्चाच्या बाबतीत तोही सक्रिय फंडच आहे.

जैन घरांतून, विशेषतः हातकणंगले-शिरोळकडून, एक प्रश्न हमखास येतो: मांस, अंडी, चामडं वगळणारा फंड आहे का? शरियतची यादी यात अर्धीच उपयोगी, आणि निफ्टीच्या ईएसजी निर्देशांकांच्या वगळण्याच्या यादीत हे धंदे नाहीतच. अशा घराला थेट शेअर निवडण्याशिवाय चोख उत्तर नाही.

राहिला निर्देशांकावर चालणारा ईएसजी. निफ्टी १०० ईएसजी सेक्टर लीडर्स या निर्देशांकावर मिरे असेटचा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड, २०२० मध्ये आला आणि त्याच्या जोडीला त्याच ईटीएफमध्ये पैसे घालणारा फंड ऑफ फंडही. तंबाखू, दारू, जुगार आणि वादग्रस्त शस्त्रं हे या निर्देशांकात नियमानेच बाद आहेत, आणि नियमावली एनएसईच्या निर्देशांक कंपनीच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. व्यवस्थापकाचं मत बदललं म्हणून यादी बदलत नाही. दर महिन्याला फाइल उघडायची गरज उरत नाही, हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

यात अडचणी आहेतच. ईटीएफ बाजारात विकत घ्यावा लागतो आणि उलाढाल कमी असेल तर खरेदी-विक्रीच्या भावात अंतर पडतं. १०० रुपयांच्या युनिटला ५० पैसे जास्त मोजलेत तर वर्षाचा अख्खा खर्च एका दिवसात गेला. म्हणून मासिक एसआयपीसाठी फंड ऑफ फंड सोयीचा, तो एनएव्हीने मिळतो. मात्र तिथे दोन खर्च लागतात, त्याचा स्वतःचा आणि आतल्या ईटीएफचा. जाहिरातीत दिसतो तो बऱ्याचदा पहिलाच, तेव्हा दोन्हींची बेरीज करून घ्या. वरचा ०.५ टक्क्यांचा आकडा अशा बेरजेसाठीच धरला होता. दुसरी अडचण परताव्याची. कोळसा, वीज, धातू, संरक्षण यांचं वजन कमी असल्याने सरकारी कंपन्यांच्या तेजीत हा निर्देशांक साध्या निफ्टीच्या मागे राहतो. दोन-तीन वर्षं सलग तसं झालं तरी चालवून घ्यायची तयारी नसेल तर यात पडू नये.

साध्या निफ्टीच्या तुलनेत इथे लाखामागे वर्षाला साधारण ३०० रुपये जास्त जातात, १५ वर्षांत वरच्या हिशोबाने दीडेक लाख. ही किंमत मला परवडण्यासारखी वाटली, १,१०० ची नाही. कुणी म्हणेल, साधा निफ्टी घ्यावा आणि फरकाचे पैसे व्यसनमुक्ती केंद्राला द्यावेत. हिशोबाने तेही खोटं नाही, फक्त दरवर्षी ते पैसे खरंच दिले जातात का, हे ज्याचं त्याने पाहावं.

पंचगंगेची काळजी असेल तर मात्र यांतला एकही फंड कामाचा नाही. नदीत जाणारं पाणी मुख्यतः शहरांचं सांडपाणी, साखर कारखाने आणि इचलकरंजीचे प्रोसेस युनिट यांचं आहे. त्यांतले बहुतेक सहकारी किंवा खासगी, शेअर बाजारात नोंदच नाही. ईएसजीचे गुण ज्या अहवालावरून मुख्यतः ठरतात तो बीआरएसआर अहवाल पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांनाच बंधनकारक आहे.

निवड कोणतीही असो, फॉर्म भरताना योजनेच्या नावापुढे ‘डायरेक्ट’ लिहा आणि वितरकाच्या एआरएन क्रमांकाचा रकाना रिकामा न सोडता तिथेही ‘डायरेक्ट’ लिहा, म्हणजे नंतर कुणाला क्रमांक टाकता येणार नाही. आधीच रेग्युलर योजनेत असाल तर घाईने स्विच मारू नका. स्विच म्हणजे कागदावर विक्रीच असते. एक वर्ष झालं नसेल तर बऱ्याच योजनांत एक टक्का एक्झिट लोड आणि नफ्यावर २० टक्के कर, वर्षानंतर १२.५ टक्के, पण आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला कर नाही. म्हणून नवी एसआयपी आजच डायरेक्टमध्ये सुरू करा आणि जुने युनिट सव्वा लाखाच्या मर्यादेत बसतील तेवढेच दर मार्चमध्ये थोडे थोडे हलवा.