वर्गाचा फोटो-ग्रुप: पहिल्या सत्रानंतरचा अनुभव आणि पालकांसाठी सुधारित सूचना

सर्व पालकांना सप्रेम नमस्कार.

जून महिन्यात आपल्या इयत्ता दुसरीच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅपवरील फोटो-ग्रुप सुरू झाला, तेव्हा मी एक सूचना पाठवली होती. तिच्यात दोन नियम होते: ग्रुपवर फोटो फक्त वर्गशिक्षिका टाकतील आणि ते कोणीही पुढे पाठवणार नाही. पहिले सत्र संपताना हा ग्रुप कसा चालला आणि त्यात कोणते बदल करत आहे, हे सविस्तर लिहीत आहे, कारण मधल्या काळात घडलेल्या एका प्रकाराने फोटोंच्या सुरक्षिततेबद्दलचे माझे मत पुष्कळ बदलले आहे.

ग्रुपची रोजची वागणूक समाधानकारक आहे. संदेश पाठवण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनना ठेवल्यामुळे सुप्रभाताची चित्रे आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांची रांग थांबली, आणि फोटो शोधायला वर-खाली करावे लागत नाही. नवीन सदस्याला मंजुरी लागते, त्यामुळे निमंत्रणाची लिंक चुकून बाहेर गेली तरी कोणी परस्पर आत येत नाही. मात्र लिंक उघडणाऱ्याला आत येण्यापूर्वीच ग्रुपचे नाव आणि चित्र दिसते, म्हणून ग्रुपच्या चित्रात मुलांचा फोटो न ठेवता वर्गाच्या दाराचा ठेवला आहे.

आता मूळ विषयाकडे येते. स्वातंत्र्यदिनी वेशभूषा केलेल्या मुलांचा एक फोटो मी ग्रुपवर टाकला होता. काही आठवड्यांनी तोच फोटो गावातील एका खासगी शिकवणीच्या फलकावर दिसला आणि त्यात एका मुलीच्या गळ्यातील ओळखपत्रावरचे नाव रस्त्यावरून वाचता येत होते. संबंधितांनी फलक त्याच दिवशी उतरवला, त्यामुळे त्यांच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. पण फोटो बाहेर कसा गेला याचा माग पालकांच्या मदतीने घेतला, तेव्हा ग्रुपमधील एकाही सदस्याने तो कोणाला पाठवलेला नाही, असे दिसले. एका घरातील फोनच्या गॅलरीत तो आपोआप जतन झाला होता. त्याच घरातील महाविद्यालयात जाणाऱ्या दादाने गॅलरी चाळताना तो पाहिला आणि लहान बहिणीच्या कौतुकाने आपल्या स्टेटसला ठेवला. त्याच्या शेकडो संपर्कांपैकी कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट घेतला. दादा आपल्या ग्रुपमध्ये कधीच नव्हता, त्यामुळे आपला नियम त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नव्हता.

यातून जे लक्षात आले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ग्रुपमध्ये फोटो उघडला की वरती ग्रुपचे नाव दिसते आणि तो कोणत्या अटीवर आला आहे हे आठवते. गॅलरीत गेलेल्या फोटोवर अशी कोणतीही खूण राहत नाही. सहलीच्या आणि लग्नाच्या फोटोंमध्ये तो घरचाच एक फोटो होऊन बसतो. फोन आजी-आजोबा हाताळतात, भावंडे हाताळतात, आणि काही घरांत गॅलरीची प्रत जोडीदाराच्या खात्यातही आपोआप जाते. म्हणून ग्रुपमध्ये कोण आहे या प्रश्नाइतकाच, फोटो गॅलरीत जातो की नाही हा प्रश्न मी यापुढे महत्त्वाचा धरणार आहे.

यावर पहिला उपाय म्हणून मी सात दिवसांनी आपोआप नाहीसे होणारे संदेश सुरू केले होते. तेव्हा तो पुरेसा वाटला, आज वाटत नाही. संदेश ग्रुपमधून जातो, पण गॅलरीत आधीच जतन झालेली प्रत तशीच राहते. शिवाय ज्या पालकांना आठवडाभर फोन पाहायला सवड मिळाली नाही, त्यांचेच फोटो पाहायचे राहून गेले. म्हणून ही मुदत आता ९० दिवसांची केली आहे.

त्याऐवजी ग्रुपच्या माहितीत Advanced chat privacy हा पर्याय मी चालू केला आहे. व्हॉट्सअ‍ॅपने तो २०२५ मध्ये आणला. त्यामुळे ग्रुपमधील फोटो सदस्यांच्या गॅलरीत आपोआप जात नाहीत आणि संपूर्ण संभाषण बाहेर काढून घेता येत नाही. मात्र स्क्रीनशॉट त्याने थांबत नाही आणि एखादा फोटो मुद्दाम जतन करणेही थांबत नाही, हे कृपया लक्षात ठेवावे.

ज्यांच्या फोनवर अ‍ॅप जुने आहे, त्यांनी ही गोष्ट स्वतः करून घ्यावी. अँड्रॉइडवर ग्रुप उघडून वरच्या नावावर बोट ठेवावे, Media visibility निवडावे आणि No करावे. आयफोनवर त्याच ठिकाणी Save to Photos असते, तेथे Never निवडावे. ही निवड पुढे येणाऱ्या फोटोंनाच लागू होते. आधी जतन झालेले फोटो गॅलरीतून हातानेच काढावे लागतील. काही पालकांनी विचारले की यामुळे फोनमधील जागा वाचेल का. अँड्रॉइडवर वाचणार नाही, कारण उतरवलेला फोटो फोनमध्ये असतोच, फक्त गॅलरीत दिसत नाही. जागा आणि डेटा वाचवायचा असेल, तर फोटो आपोआप उतरणेच बंद करावे लागते.

सेटिंग लागू झाले की नाही हे ओळखण्यासाठी येत्या सोमवारी सायंकाळी मी ग्रुपवर फळ्याचा एक फोटो टाकेन. त्यावर फक्त दिनांक आणि सुविचार असेल. तो ग्रुपमध्ये उघडून पाहावा आणि मग गॅलरी उघडावी. गॅलरीत फळा दिसला, तर सेटिंग लागू झालेले नाही असे समजावे आणि शाळा सुटताना फोन घेऊन मला भेटावे.

पोस्ट कोण पाहू शकते, याचे उत्तरही आता नेमके देता येते. प्रत्येक मुलामागे पालकांचे दोन क्रमांक, मुख्याध्यापिका आणि मी, एवढेच सदस्य आहेत. त्यांना एकमेकांचे क्रमांक दिसतात. शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या पालकांना काढल्यावर नवीन फोटो त्यांना मिळत नाहीत, पण आधी मिळालेले त्यांच्याकडे राहतात. मोबाइल क्रमांक बदलणार असाल, तर व्हॉट्सअ‍ॅपमधील Change number वापरावे आणि मलाही कळवावे, कारण बंद पडलेला क्रमांक काही महिन्यांनी दुसऱ्याच व्यक्तीला मिळू शकतो. ज्यांनी कार्यालयातील संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडले आहे, त्यांनी Linked devices मध्ये जाऊन तो संगणक काढून टाकावा. अन्यथा त्या टेबलावर बसणारा कोणीही आपल्या वर्गाचे फोटो पाहू शकतो.

शुल्क भरून वेगळे अ‍ॅप घ्यावे, असे काही पालकांनी सुचवले. मी त्याची शिफारस करत नाही. आपला फोटो घरातील फोनवरून बाहेर गेला, आणि नव्या अ‍ॅपमधून जतन केलेला फोटोही त्याच गॅलरीत जाईल. त्यासाठी दरवर्षी प्रत्येक घरावर खर्च टाकणे मला पटत नाही.

माझ्या बाजूने यापुढे फोटो काढण्यापूर्वी मुलांची ओळखपत्रे उतरवली जातील. ज्या पालकांना आपल्या पाल्याचा फोटो ग्रुपवर नको आहे, त्यांनी दैनंदिनीत तसे लिहून सही करावी; कारण देण्याची आवश्यकता नाही. त्या मुलाला कार्यक्रमातून किंवा रांगेतून बाजूला केले जाणार नाही. तो ज्यात आहे तो फोटो ग्रुपवर न टाकता पालकसभेच्या दिवशी त्याच्या पालकांना शाळेत दाखवला जाईल. स्नेहसंमेलनाचे फोटो टाकण्यापूर्वी या नोंदी माझ्याकडे असणे आवश्यक आहे.

आपली,
वर्गशिक्षिका, इयत्ता दुसरी