चिखल्या, पाण्याचे फोड आणि फेसाची ‘तपासणी’: माझे 9,300 रुपये कसे गेले

मी सातारा जिल्ह्यात पनीर-दह्याच्या एका कारखान्यात कामाला आहे. आठ तास पायांत गमबूट, हातांत रबरी मोजे आणि खाली फरशीवर सतत पाणी. गेल्या आषाढात डाव्या पायाच्या करंगळीच्या बेचक्यात कातडी पांढरी पडली, भिजलेल्या कागदासारखी. बोटाने ओढली की निघून यायची, खाली लाल चीर दिसायची आणि बूट काढला की वास यायचा. चिखल्या. आमच्यातल्या निम्म्या लोकांना पावसाळ्यात होतातच, म्हणून खोबरेल तेल लावून गप्प बसलो.

पंधरा दिवसांनी दुसरंच सुरू झालं. दोन्ही हातांच्या बोटांच्या कडांना आणि दोन्ही पायांच्या तळव्यांना बारीक फोड उठले. भिजवलेला साबुदाणा कातडीच्या आत पेरावा तसे ते दिसत. वर आलेले नव्हते, खोल बसलेले होते. खाज इतकी की रात्री उठून बोटं पलंगाच्या पट्टीवर घासायचो. फोड फुटले की चिकट पाणी यायचं.

कामावरच्या एकाने तालुक्याच्या गावातल्या एका त्वचा उपचार केंद्राचं नाव सांगितलं. तिथल्या पांढऱ्या कोटातल्या माणसाने माझे हात-पाय पाहिले आणि म्हणाला, “दादा, तपासणी करून दाखवतो, तुमच्या डोळ्यांसमोर.” त्याने एका तपकिरी बाटलीतून ड्रॉपरने पाणी घेतलं आणि चिरलेल्या बेचक्यात दोन थेंब टाकले. क्षणात पांढरा फेस आला, बुडबुडे फुटायला लागले. मग खाजवून फुटलेल्या फोडावर थेंब टाकला, तिथेही फेस. शेवटी माझ्या धडधाकट मनगटावर टाकला. काहीच झालं नाही. “बघा, जिथे बुरशी तिथे उकळी. पायातली बुरशी रक्तातून हातात आलीय. आता रक्त साफ करावं लागेल. मुळापासून बरा करतो.”

मला ते पटलं. डोळ्यांनी पाहिलं होतं ना. 300 रुपये नोंदणी, 4,500 रुपयांचं दीड महिन्याचं पॅकेज: एक कडू चूर्ण आणि पांढऱ्या मलमाच्या चार डब्या. डबीवर ना नाव, ना घटक, ना तारीख, फक्त पेनने ‘2 वेळा’ लिहिलेलं. पैसे रोख घेतले. पावती मागितली तर म्हणाला, पुढच्या वेळी एकदम देतो.

मलम दोन्हीकडे लावायचं होतं. तिसऱ्या दिवशी हातांची खाज थांबली, आठवड्यात फोड बसले. पायाची खाजही कमी झाली. मी घरात सांगत सुटलो की माणूस जाणकार आहे. दीड महिन्याने दुसरं 4,500 चं पॅकेज घेतलं ते याच भरवशावर. पण मलम दोन दिवस लावायचं राहिलं की पायाची खाज दुपटीने यायची. चिखल्या करंगळीपासून तिसऱ्या बोटापर्यंत सरकल्या. मग पावलाच्या वरच्या बाजूला एक फिकट लाल डाग पसरायला लागला. त्याला नायट्यासारखी ठळक कड नव्हती, म्हणून नायटा असेल असं डोक्यातही आलं नाही. केंद्रात सांगितलं, “आतली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे.”

शेवटी बायकोने हट्ट धरला आणि आम्ही साताऱ्याला त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं की असे फोड पूर्वी कधी आले होते का. आले होते. त्याच वर्षी चैत्रात, कडक उन्हाळ्यात, दोन्ही हातांना. तीनेक आठवड्यांत सुकून सालपटं निघाली आणि मी विसरलो होतो. तेव्हा पायाला चिखल्या नव्हत्या. केंद्रातल्या माणसाने हे कधी विचारलंच नव्हतं.

मॅडमनी मलम आठवडाभर बंद ठेवायला लावलं आणि मग परत बोलावलं. बेचक्यातली, पावलावरच्या डागाच्या कडेची आणि हाताच्या फोडाच्या वरची कातडी बोथट पात्याने खरवडून तीन वेगवेगळ्या काचपट्ट्यांवर घेतली. प्रत्येकीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. त्याने कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे तेवढे उरतात, असं त्या म्हणाल्या. थोडा वेळ थांबून सूक्ष्मदर्शकाखाली मलाही बघायला दिलं. पायाच्या दोन्ही पट्ट्यांवर फांद्या फुटलेले लांब धागे होते. हाताच्या पट्टीवर काही नव्हतं.

म्हणजे एकाच वेळी दोन वेगळे आजार होते. बेचक्यातली बुरशी. आणि हाता-तळव्यांवरचा पॉम्फोलिक्स, एक प्रकारचा इसब. तो संसर्ग नाही, कुणाला लागत नाही. घाम, उन्हाळा, सतत ओले हात यांनी उसळतो. फक्त तळव्यावर, तेही एकाच पायाला फोड आले तर ते बुरशीचेही असू शकतात, म्हणून नजरेवर न जाता खरवडून बघावं लागतं. कधी कधी पायाच्या बुरशीची प्रतिक्रिया म्हणूनही हाताला असे फोड येतात. पण तेव्हाही बुरशी पायातच असते, रक्तातून हातात गेलेली नसते. ती कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर आणि नखांवर जगते. ‘रक्त साफ’ करण्यासारखं काही नव्हतंच.

मी फेसाचं सांगितलं. मॅडमनी हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली काढली आणि दाढी करताना कापलेल्या माझ्या हनुवटीवर कापसाने लावलं. तोच फेस, तेच बुडबुडे. उघड्या जखमेतल्या रक्ता-पेशींमधल्या एका द्रव्याने त्यातला ऑक्सिजन सुटतो आणि फेस येतो. बुरशी असो वा नसो. मनगटावर फेस आला नाही कारण तिथली कातडी अखंड होती. आरशात स्वतःची फेसाळलेली हनुवटी बघताना मला फार राग आला.

मलमाबद्दल त्यांचा ठाम अंदाज होता की त्यात तीव्र स्टिरॉइड असणार. स्टिरॉइड इसबाला लागू पडतं, म्हणून हात बरे झाले आणि माझा विश्वास बसला. बुरशीवर तेच लावलं की लाली आणि खाज दबते, कड पुसट होते, पण बुरशी आत बिनबोभाट पसरत राहते. माझ्या पावलावर नेमकं तेच झालं होतं. मेडिकलमध्ये स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली मलमं मिळतात, तीही लोक चिठ्ठीशिवाय लावतात आणि याच खड्ड्यात पडतात. 2018 मध्ये सरकारने अशा स्टिरॉइड मलमांना चिठ्ठी सक्तीची केली ती उगाच नाही.

आता पायाला फक्त बुरशीचं टर्बिनाफिन मलम होतं, आणि डाग पसरलेला असल्यामुळे काही आठवडे पोटातून गोळीही. दिसायला बरं झाल्यावरही मलम लगेच थांबवू नका, असं बजावलं होतं. हाताला वेगळं स्टिरॉइड मलम, मोजून दोन आठवडे, नंतर नुसतं व्हॅसलिन. हाताची ट्यूब पायाला लावायची नाही, म्हणून बायकोने तिच्यावर लाल दोरा बांधला. कामावर रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घालतो, जेवणाच्या सुट्टीत पायमोजे बदलतो आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने पुसतो. मॅडमची फी आणि काचपट्ट्या मिळून 700 रुपये झाले.

पाय दीड महिन्यात नीट झाला. हाताला या चैत्रात पुन्हा आठ-दहा दाणे आले. पायाला बुरशी नव्हती, तरी आले. मॅडम म्हणाल्या होत्या की हा इसब परत परत येतो. ‘मुळापासून बरा करतो’ हे वाक्य तिथेच खोटं होतं. उरलेली एक डबी मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार अर्जासोबत दिली आहे. पावती नसल्यामुळे पैसे मिळतील असं वाटत नाही. अर्जाची पोच मात्र शिक्का मारून घेतली.