पावसाळ्यापर्यंत आवळ्यातलं क जीवनसत्त्व टिकवायचं तर: खार, पूड की मोरावळा?

डिसेंबरात कोकणात आवळे मुबलक, पण ते खायची आठवण होते जुलैत. तोवर क जीवनसत्त्व कशात जास्त उरेल, एवढाच प्रश्न असेल तर माझं मत सरळ मिठाच्या खाराला.

हे जीवनसत्त्व हवेने, उष्णतेने आणि लोखंड-तांब्याच्या स्पर्शाने नासतं, शिवाय पाण्यात सहज उतरतं. अख्खा आवळा खारात बुडाला की हवा लागत नाही आणि आच तर नसतेच. लिटरभर पाण्याला शंभर ते सव्वाशे ग्रॅम मीठ घालून उकळावं, पूर्ण गार करावं आणि चिनी मातीच्या बरणीत आवळ्यांवर ओतावं. आवळे तरंगतात, म्हणून वर लहानशी बशी दडपून ठेवावी. वर आलेला आवळा काळवंडतो, त्यावर बुरशी धरते. मात्र बरंचसं जीवनसत्त्व खारात उतरतं, तेव्हा तो फेकू नये. आमटीत किंवा चटणीत मिठाऐवजी घालावा, तोही शेवटी, गॅस बंद केल्यावर.

पुडीचा हिशोब फसवा असतो. समजा ताज्या आवळ्यात शंभर ग्रॅमला ४०० मिलिग्रॅम आहे. अर्धा किलो गराची साधारण शंभर ग्रॅम पूड होते. वाळवताना निम्मं गेलं तरी त्या पुडीत हजार मिलिग्रॅम उरतं, म्हणजे आकडा ताज्यापेक्षा मोठा दिसतो. पण आपण खातो चमचाभर, तीनेक ग्रॅम. त्यातून तीसच मिळतात. तीस ग्रॅमच्या एका खारातल्या आवळ्यात निम्मं उरलं धरलं तरी साठ होतात. मोठ्या माणसाची रोजची गरज बाईला ६५, पुरुषाला ८० मिलिग्रॅम.

तरी वाळवायचेच असतील तर किसू नका. किसल्यावर हवा सगळीकडून लागते. पातळ फोडी करून स्टीलच्या ताटात वाळवा, ड्रायर असल्यास ५०-६० अंशांवर. अंगणात वाळवत असाल तर दव पडायच्या आत घरात घ्या, कारण वाळायला जितके दिवस, तितकी घट. फोडी कडकडीत मोडायला हव्यात.

आणि पूड एकदम दळून ठेवू नका. जूनमध्ये आपली हवा डब्यात शिरली की पुडीला गठ्ठे होतात, मग ती तपकिरी पडते. तो रंग म्हणजे जीवनसत्त्व जात असल्याची खूण. घट्ट बंद बाटलीत फोडीच ठेवा, पंधरा दिवसांपुरती पूड करा, बाटली फ्रिजमध्ये.

मोरावळा चवीसाठी करा. टोचलेला आवळा उकळून ते पाणी ओतलं की आचेपेक्षा त्या पाण्यातच जास्त जातं. त्यापेक्षा पाण्यावर वाफवा आणि खालचं पाणी पाकात घाला. लोखंडी कढई नको.

रक्तदाबासाठी मीठ बंद असेल त्यांनी मात्र खार सोडून फोडीच घ्याव्यात.