नोकरी सांभाळून पायथन: CS50P कोर्सचा वापरानंतरचा अनुभव

मी एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स पाहतो. शिक्षण कॉमर्सचं, आणि प्रोग्रामिंगशी संबंध फक्त एक्सेलच्या फॉर्म्युल्यांपुरता. हार्वर्डचा CS50P हा पायथनचा मोफत कोर्स धरला तो एकाच कारणाने: माझं रोजचं काम फाइल्स आणि आकड्यांचं आहे. वेबसाइट बनवायची असती तर जावास्क्रिप्टपासून सुरुवात केली असती. कोणती भाषा चांगली यावर महिनोन् महिने वाद घालण्यापेक्षा आपल्या टेबलावर कोणतं काम पडून आहे ते बघावं. माझ्या मते निवड तिथेच होते.

डेव्हिड मालन यांची लेक्चर्स उत्तम आहेत. पण या कोर्सचं खरं बळ त्यांच्यासोबतच्या प्रॉब्लेम सेट्समध्ये आहे. व्हिडिओ बघताना सगळं समजतं, कारण पुढची ओळ कोणती हे दुसऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. तो ठरवण्याचा भाग स्वतः केल्याशिवाय येत नाही, म्हणून माणूस एक ट्युटोरियल संपवून दुसरं लावतो. आपण त्या चक्रात आहोत का, हे कळायला साधी परीक्षा आहे. काल बघितलेला प्रोग्राम आज कोऱ्या फाइलवर, काहीही न उघडता लिहून बघायचा. पहिल्या दोन ओळींनंतर हात थांबला, तर तो विषय अजून आपला झालेला नाही.

दुसऱ्या आठवड्यातला ‘Vanity Plates’ हा प्रश्न घ्या. गाडीची नंबरप्लेट वैध आहे का ते ठरवायचं. दोन ते सहा अक्षरं, सुरुवातीला किमान दोन लेटर्स, आकडे फक्त शेवटी, पहिला आकडा शून्य नको, विरामचिन्हं नकोत. म्हणजे `AAA222` चालेल, `AAA22A` नाही. लागणाऱ्या गोष्टी फक्त `if` आणि लूप, दोन्ही शिकवून झालेल्या. तरीही ‘आकडा मधे आला’ हे कसं ओळखायचं, याचं उत्तर लेक्चरमध्ये नाही. कागदावर प्लेट लिहून एकेका अक्षरावर बोट ठेवत गेलो तेव्हा उलगडलं: एकदा आकडा दिसला की पुढे लेटर येता कामा नये. मग उत्तर तपासणारं कोर्सचं साधन `check50` चालवायचं. ते प्रत्येक चाचणीपुढे हिरवा `:)` किंवा लाल `:(` दाखवतं आणि काय अपेक्षित होतं, काय मिळालं तेही सांगतं. आपल्याला जमलंय हा गैरसमज तिथे टिकत नाही.

फाइल्सच्या आठवड्यानंतर मी पुढची लेक्चर्स काही काळ थांबवली आणि ऑफिसचं एक काम घेतलं: बँक स्टेटमेंट आणि आमचं लेजर यांचा मेळ. दोन्ही सीएसव्ही फाइल्स. पहिल्याच रनला `ValueError: could not convert string to float: '1,25,000.00'`. पायथनला स्वल्पविराम चालत नाही. तो काढला, तर पुढची एरर रिकाम्या रकान्याची, कारण स्टेटमेंटमध्ये नावे रक्कम असली की जमेचा रकाना मोकळा असतो.

```python
def paise(s):
    s = s.replace(",", "").strip()
    return round(float(s) * 100) if s else 0
```

रक्कम पैशांत, पूर्ण संख्येत ठेवली, कारण `0.1 + 0.2 == 0.3` याला पायथन `False` म्हणतो आणि मेळ घालताना तसा फरक परवडत नाही.

यापेक्षा मोठी अडचण एरर न देणारी होती. पायथनच्या डिक्शनरीत की, म्हणजे किल्ली, आणि तिच्यापाशी ठेवलेली व्हॅल्यू अशा जोड्या असतात. माझ्याकडे रक्कम ही की आणि तारीख ही व्हॅल्यू, अशी मांडणी होती. दोन ग्राहकांनी सारखीच रक्कम भरली की दुसरी नोंद पहिलीला पुसून टाके. प्रोग्राम शांतपणे चाले आणि उत्तर चुकीचं येई. ते सापडलं ते बँकेच्या ओळी आणि डिक्शनरीतल्या नोंदी मोजून बघितल्या तेव्हा. प्रत्येक रकमेपाशी तारखांची यादी ठेवली आणि प्रश्न मिटला. डिक्शनरीत की एकदाच राहते हे लेक्चरमध्ये ऐकलं होतंच, त्याचा अर्थ या दिवशी कळला. आपल्या डेटावर काम करण्याचा माझा आग्रह याचसाठी आहे.

कोर्सच्या मर्यादाही आहेत. इंग्रजीचा वेग बराच आहे, सबटायटल्स लावूनच बघा. रेग्युलर एक्स्प्रेशन्सचा, म्हणजे मजकुरातले नमुने शोधण्याचा आठवडा जड जातो, त्याला दुप्पट वेळ धरा. डेटाबेस यात नाही. प्रमाणपत्र CS50 कडून मोफत मिळतं, edX या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटचं हवं असेल तर पैसे पडतात. मोफतसाठी प्रत्येक प्रश्नात किमान 70 टक्के आणि शेवटी स्वतःचा एक प्रकल्प लागतो.

नोकरी करणाऱ्याने आठवड्याला एक धडा हा हिशेब सोडून द्यावा. माझा क्रम असा बसला: रविवारी लेक्चर, आणि बाकीचे दिवस रात्री जेवणानंतर फक्त प्रश्न. प्रश्न सुटेपर्यंत पुढचं लेक्चर लावायचं नाही, मग त्याला तीन आठवडे लागले तरी चालतील.