विसावलेली पेशी आणि थकलेली पेशी

त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशींच्या दोन डिश घ्या. दोन्हींत विभाजन थांबलेलं आहे. पहिलीतलं सीरम, म्हणजे पेशींना वाढीचा संदेश देणारा रक्तातला द्रव, आपण दोन-तीन दिवस अगदी कमी केलं होतं; त्या पेशी सडपातळ राहून नुसत्या विसावल्या आहेत. दुसरीतल्या पन्नासेक वेळा विभागून थकल्या आहेत. त्यांची टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, झिजली आहेत आणि पेशी तव्यावरच्या घावनासारख्या पसरट झाल्या आहेत.

आता दोन्हींत ताजं सीरम घाला. पहिलीत साधारण एका दिवसात डीएनएची प्रत बनू लागते. दुसरीत नाही, कारण पी२१ आणि पी१६ या प्रथिनांनी विभाजनाच्या चक्राचं दार लावून घेतलेलं असतं. पण थकलेल्या पेशीला झोपलेली समजू नका. तिची वाढीची यंत्रणा चालूच असते, म्हणून ती फुगते आणि आयएल-६सारखे दाहकारक रेणू आजूबाजूला सोडत राहते.

अशा पेशी ओळखायला पीएच ६ला बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराची निळी चाचणी करतात. एकट्या त्या रंगावर मी विसंबत नाही. दाटीने वाढून थांबलेल्या, विसावलेल्या पेशीही कधीकधी निळ्या दिसतात. सीरम परत देऊन केंद्रकात नवा डीएनए बनतो का, हे पाहिल्यावरच मी निवाडा करते.