ऑपरेशन थिएटर आणि गजबजलेला वर्ग: सेटल प्लेट पुरेल की एअर सॅम्पलर घ्यावा?

सेटल प्लेट म्हणजे जंतू वाढवणाऱ्या अगारच्या थराची उघडी ठेवलेली बशी. ती हवेतले जंतू मोजत नाही, खाली पडलेले जंतू मोजते. एअर सॅम्पलर ठरावीक हवा खेचून अगारवर आदळवतो, म्हणून त्याचा आकडा 'घनमीटरमागे इतके' असा मिळतो. निवड करताना हा फरक डोक्यात असला की बाकीचं सोपं जातं.

ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, मला सेटल प्लेटच जवळची वाटते. जखमेत जंतू जातात ते बहुतेक माणसांच्या त्वचेच्या सालपटांवर बसून. ही सालपटं साधारण 12 मायक्रॉनच्या कणासारखी, मिनिटाला 25-30 सेंटिमीटर वेगाने खाली येतात. 90 मिलिमीटरची प्लेट जमिनीपासून 1 मीटर उंच, भिंतीपासून 1 मीटर दूर, 1 तास उघडी ठेवायची आणि मग 37 अंशांवर 48 तास इनक्युबेटरमध्ये. समजा, शस्त्रक्रिया चालू असताना ठेवलेल्या प्लेटवर 12 कॉलनी, म्हणजे वाढलेल्या जंतूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके, आल्या. प्लेटचं क्षेत्रफळ सुमारे 64 चौरस सेंटिमीटर. जखम आणि मांडलेली उपकरणं मिळून 200 चौरस सेंटिमीटर धरली, तर तिथे तासाला 37-38 जंतूवाहक कण पडले असा अंदाज निघतो. सर्जनला हेच हवं असतं, आणि सॅम्पलरच्या आकड्यातून ते थेट कळत नाही.

पण ओटी रिकामी असताना हवेची यंत्रणा तपासायची असेल, तर प्लेट कुचकामी. तासभरात शून्य-एक कॉलनी येते, त्यातून काहीच ठरत नाही. तिथे 1 घनमीटर हवा खेचणारा सॅम्पलरच लागतो.

वर्गात गणित उलटं होतं. मुलं, पंखे, उघडझाप होणारी दारं यांमुळे हवा घुसळत राहते. शिवाय खोकल्यातून उडून वाळलेला 1 मायक्रॉनचा कण स्थिर हवेतसुद्धा तासाला जेमतेम 12 सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे प्लेटवरून बेलाशक निघून जातो. तरी अहवालात ओमेलियान्स्कीचं सूत्र सर्रास दिसतं:

```
N = 5 × a × 10^4 / (b × t)
```

इथे N म्हणजे घनमीटरमागचे जंतू, a म्हणजे कॉलनी, b प्लेटचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये, t मिनिटं. 30 मिनिटांत 40 कॉलनी आल्या की घनमीटरला सुमारे 1,050 असं उत्तर येतं. दिसायला भारदस्त, पण 100 चौरस सेंटिमीटरवर 5 मिनिटांत 10 लिटर हवेतले जंतू पडतात, हे त्यामागचं गृहीतक पंख्याखाली टिकत नाही. वर्ग भरलेला आणि रिकामा, किंवा खिडक्या बंद आणि उघड्या, अशी तुलना करायची असेल तर कॉलनीच थेट लिहा. तेवढ्याला प्लेट पुरते. फक्त वेळ 15-30 मिनिटांवर आणा, नाहीतर कॉलनी एकमेकींत मिसळतात. घनमीटरचा आकडा द्यायचाच असेल तर सॅम्पलर मागवा. तिथे 100-200 लिटर हवा बहुधा पुरेशी होते.

कोणतीही पद्धत घ्या, एक प्लेट न उघडता सोबत फिरवून आणा. तिच्यावर कॉलनी उगवली तर दोष अगारचा किंवा हाताळणीचा, आणि त्या दिवसाचे आकडे बाद. विषाणू आणि क्षयाचे जंतू मात्र या साध्या अगारवर वाढतच नाहीत, त्यामुळे स्वच्छ प्लेट पाहून वर्गात फ्लू नाही असं कुणी म्हणू नये.